उणे तीस, तरी कोरडी नाही

उन्हाळा चढू लागला की सोलापुरात एक आकडा घरोघरी तोंडपाठ होतो. उजनी किती? पावसाळ्याच्या शेवटी हा आकडा बहुधा शंभराच्या पुढे गेलेला असतो, तर एप्रिल-मेमध्ये तो अनेकदा शून्याच्या खाली उतरतो. मग वर्तमानपत्रात मथळा येतो : ‘उजनी उणे ३०’. सोलापूरकरांना याची सवय झालेली आहे. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र हे कोडंच वाटतं. धरण एक तर भरलेलं असेल, नाही तर रिकामं. उणे पाणी म्हणजे काय?

उत्तर सोपं आहे, पण ते एका ‘कारण’ने सुरू होतं आणि नेमका तोच शब्द मथळ्यात मावत नाही. भीमा नदीवरच्या या धरणात साधारण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातला तळातला ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा. त्याच्यावरचा ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. रोज जाहीर होणारी टक्केवारी फक्त या वरच्या साठ्याची असते. त्यामुळे उजनी शून्य टक्क्यांवर आली, तेव्हा धरणात निम्म्याहून अधिक पाणी असतं. उणे ३० म्हणजे उपयुक्त साठ्याच्या ३० टक्क्यांइतकं, सुमारे १६ टीएमसी, पाणी मृतसाठ्यातून कमी झालं. तरीही ४७ टीएमसींच्या वर पाणी उरलेलं असतं.

हे सगळं एखाद्या बातमीत नीट लिहायचं तर दीडशे शब्द लागतात. जागा मात्र चौकटीची असते, वीस-पंचवीस शब्दांची. मजकूर लहान करताना कात्री कुठे चालवायची, हा प्रश्न सोलापुरातल्या प्रत्येक उपसंपादकापुढे उन्हाळाभर असतो. तोच प्रश्न सारांशलेखन करणाऱ्या दहावीच्या मुलापुढे, बैठकीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनापुढे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकणाऱ्या चिटणिसापुढेही असतो. सगळ्यांचा हात आधी एकाच ठिकाणी जातो. नावं राहतात, आकडे राहतात. ‘कारण’, ‘तरी’, ‘म्हणून’, ‘मात्र’ हे शब्द जातात. त्यांना स्वतःचा असा अर्थ नाही, ते माहिती देत नाहीत, असं वाटतं म्हणून.

ही समजूत किती महागात पडते, ते उजनीच्याच मजकुरावर पाहता येतं. उन्हाळ्यातल्या बातमीचा गाभा असा असतो असं समजू या :

‘उजनीचा साठा उणे ३० टक्क्यांवर गेला असला, तरी धरण कोरडं पडलेलं नाही, कारण टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची काढली जाते आणि त्याखाली मोठा मृतसाठा असतो. मात्र पातळी उतरल्यामुळे पाणी शहराच्या जलवाहिनीच्या उपशाच्या जागेपासून लांब सरकलं आहे, म्हणून दुबार पंपिंग करावं लागत आहे. दुबार पंपिंगने पाणी मिळतं, पण रोजच्याइतकं उचलता येत नाही. त्यामुळे शहराला पाणी एक दिवस उशिरा मिळेल.’

दुबार पंपिंग हा शब्द सोलापुरात भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. धरणाची पातळी फार खाली गेली की नेहमीच्या पंपांपर्यंत पाणी आपोआप पोहोचत नाही. मग मागे सरकलेल्या पाण्यात दुसरे पंप लावून ते आधी उपशाच्या जागेपर्यंत आणायचं आणि तिथून नेहमीच्या पंपांनी पुढे ढकलायचं. पाणी आणखी मागे गेलं तर तिबार पंपिंग. म्हणजे अडचण साठ्याची असते त्याहून जास्त पाणी उचलण्याची असते. बातमीतला प्रत्येक जोडशब्द हेच सांगत असतो.

आता याच मजकुराची चौकट घाईने केली तर ती अशी होते :

‘उजनी उणे ३०. मृतसाठा ६३ टीएमसी. पातळी खालावली. दुबार पंपिंग सुरू. शहराला पाणी एक दिवस उशिरा.’

यात एकही शब्द खोटा नाही. सोळा शब्दांत पाच गोष्टी आल्या. पण वाचणारा या पाच गोष्टी सुट्या ठेवत नाही, ठेवू शकत नाही. दोन वाक्यं शेजारी आली की मन त्यांच्यात आपणहून नातं लावतं. ‘उणे ३०’ वाचून तो धरण संपलं असं धरून चालतो. पुढे ६३ टीएमसी दिसतात तेव्हा तो गोंधळतो, किंवा आज धरणात ६३ टीएमसी पाणी आहे असं समजतो. तेही चूक, कारण त्यातले सोळा केव्हाच गेलेले असतात. मग शेवटच्या वाक्यापाशी तो स्वतःच एक ‘म्हणून’ जोडतो : धरण संपलं, म्हणून पाणी उशिरा.

हा परका ‘म्हणून’ मनात बसला की तो उन्हाळ्याबरोबर जात नाही. पावसाळ्यात भीमेच्या खोऱ्यात, वर पुणे जिल्ह्यात जोराचा पाऊस होतो आणि उजनी शंभर टक्के भरते. आता रोज नळ यायला हवा, असं वाटणं साहजिकच आहे. तसं होत नाही. धरण भरलं तरी शहराला पाणी काही दिवसांआडच येतं, हा सोलापूरकरांचा जुना अनुभव आहे. त्यामागची कारणं जलवाहिनीची क्षमता, पंप, वाटेतल्या टाक्या, शहरातलं वितरण अशी वेगळीच असतात. ज्याने उन्हाळ्यात ‘धरण संपलं म्हणून’ असं वाचलेलं असतं, त्याला पावसाळ्यातली गोष्ट निव्वळ फसवणूक वाटते. त्याचा राग खरा असतो, फक्त तो चुकीच्या दिशेने निघालेला असतो. बातमी छोटी करताना गाळलेला शब्द असा सहा महिन्यांनी त्रास देतो.

तीच चौकट अशीही करता येते :

‘उजनी उणे ३० असली तरी कोरडी नाही, कारण मोजणी फक्त उपयुक्त साठ्याची. पातळी उतरल्याने दुबार पंपिंग. त्यामुळे शहराला पाणी एक दिवस उशिरा.’

हे बावीस शब्द होतात. सहा शब्द वाढले आणि एक आकडा गेला. मृतसाठा किती, हे इथे सांगितलेलं नाही. ज्याला हवं तो ते शोधू शकतो. पण उणे ३० आणि उशिराचं पाणी यांच्यामध्ये पातळी आणि पंप उभे आहेत, हे आता त्याला दुसरीकडे शोधावं लागणार नाही. आकडा गाळल्याने माहिती कमी होते. सांधा गाळल्याने माहिती चुकीची होते. म्हणून चौकट लहान करताना आधी विशेषणं, मग उदाहरणं, मग दुय्यम आकडे काढावेत आणि सांध्यांना सगळ्यात शेवटी हात लावावा.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक मोठी सोय आहे. सांधा राखायला दर वेळी स्वतंत्र शब्द खर्च करावा लागत नाही. ‘पातळी उतरली आहे, आणि या कारणामुळे’ असं लांबण लावण्यापेक्षा ‘पातळी उतरल्याने’ म्हटलं की काम झालं. कारण प्रत्ययात जाऊन बसतं. ‘धरण भरलेलं असूनही’, ‘पाऊस न झाल्यास’, ‘पिण्यासाठी राखून’, ‘पंपांशिवाय’ यांत प्रत्येकी एक अख्खं उपवाक्य दुमडलेलं आहे आणि तरीही नातं शाबूत आहे. जुन्या न्यायशास्त्राने ही काटकसर टोकाला नेली होती. दुसऱ्याला पटवायचं तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव सांगायचे. पण थोडक्यात सांगताना डोंगरावर अग्नी असल्याची प्रतिज्ञा आणि तिच्यापुढे ‘धूमात्’ एवढा एकच शब्द पुरे होई. त्यातली पंचमी म्हणजेच ‘धूर दिसतो म्हणून’. बाकी सगळं आटलं तरी ती विभक्ती आटली नाही. ती गेली असती तर डोंगर, आग आणि धूर अशा तीन सुट्या वस्तू उरल्या असत्या आणि अनुमान उरलं नसतं.

मराठी प्रत्ययांत काही फसवेही आहेत. ‘सोडल्याने’ आणि ‘सोडल्यावर’ यांत दोन अक्षरांचा फरक, पण पहिला कारण सांगतो आणि दुसरा फक्त वेळ. भीमेच्या पात्रात पाणी सोडल्यावर औजचा बंधारा भरला, असं म्हटलं तर मधल्या काळात खालच्या भागात पाऊस झाला असण्याला वाव राहतो. ‘सोडल्याने भरला’ म्हटलं की सारं श्रेय सोडलेल्या पाण्याचं. ‘सोडून’ हे तर त्याहून मोघम आहे. ‘पात्रात पाणी सोडून बंधारा भरतात’ यात क्रम, रीत, कारण असं काहीही असू शकतं. जागा वाचवायची म्हणून अनेकदा ‘-ऊन’चा आसरा घेतला जातो आणि नातं धूसर होतं. ‘व’ आणि स्वल्पविराम यांचं तेच. ‘पातळी खालावली व पंपिंग सुरू झालं’ हे वाक्य व्याकरणात निर्दोष आहे, पण कशामुळे काय झालं हे त्याने वाचणाऱ्यावर सोपवलेलं आहे.

जरी–तरी ही जोडी बारकाईने पाहिली तर आणखी एक गोष्ट कळते. शाळेच्या व्याकरणात ती संकेतबोधक अव्ययांत एकत्रच येते, पण वाक्याचा भार दोघांवर सारखा नसतो. ‘जरी पाऊस झाला, तरी टँकर लागले’ यातला ‘जरी’ काढून पाहावा. ‘पाऊस झाला, तरी टँकर लागले’ हे वाक्य धडधाकट उभं राहतं, उलट अधिक मराठी वाटतं. आता ‘तरी’ काढावा. ‘जरी पाऊस झाला, टँकर लागले’ हे ऐकताच कानाला ठेच लागते. जर–तर, जेव्हा–तेव्हा यांतही बहुधा असंच होतं. पहिला गेला तर चालतो, दुसरा जाऊ देता येत नाही. शब्द कमी करायचेच असतील, तर जोडीतला कोणता काढायचा हे मराठीने आधीच ठरवून ठेवलं आहे.

‘कारण’ आणि ‘तरी’ यांच्यातही असाच फरक आहे. नेदरलंड्समधले भाषाभ्यासक टेड सँडर्स यांनी २००५ मध्ये मांडलेलं एक गृहीतक त्याच्या मुळाशी जातं. दोन वाक्यं नुसती शेजारी ठेवली की वाचणारा त्यांच्यात आधी कार्यकारणाचं नातं शोधतो. दुसरं काही सांगितलं नाही तर तो तेच धरून चालतो. हे खरं मानलं, तर गाळलेला ‘म्हणून’ वाचकाकडून कधी कधी आपोआप भरला जाईल. ‘पाइप फुटला. रस्त्यावर पाणी आलं.’ इथे कुणी अडखळत नाही. पण गाळलेला ‘तरी’ तसा भरला जाणार नाही. त्याच्या जागी उलट ‘म्हणून’च येऊन बसेल. म्हणून मजकूर अगदीच आवळायची वेळ आली, तर ‘म्हणून’ गाळण्याचा धोका एकदा पत्करता येतो, ‘तरी’ आणि ‘मात्र’ यांच्या बाबतीत नाही.

तारखांची यादी हा अशा आवळलेल्या मजकुराचा सगळ्यात प्रतिष्ठित प्रकार. सोलापूरचा १९३० चा इतिहास बहुतेक वेळा यादीच्याच रूपात भेटतो. ५ मे : गांधीजींना अटक. ८ मे : सोलापुरात गोळीबार आणि उद्रेक. १२ मे : मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी. चारही नोंदी बरोबर आहेत आणि क्रमही बरोबर आहे. पण मुलाला यादी पाठ करायला सांगून ‘फाशी का दिली?’ असं विचारलं, तर ‘मार्शल लॉ मोडला म्हणून’ असं उत्तर येण्याची शक्यता फार मोठी. यादीत त्या दोन ओळी शेजारी आहेत, आणि मधली जागा मोकळी आहे.

प्रत्यक्षात आरोप होता पोलिसांच्या खुनाचा. ती घटना मार्शल लॉ जाहीर होण्याच्या आधीची, उद्रेकाच्या दिवसाची. म्हणजे मार्शल लॉ हे फाशीचं कारण नव्हे. मार्शल लॉ आणि खटला ही एकाच उद्रेकाची दोन फळं. यादीने त्यांना एकामागे एक उभं केलं, म्हणून ती आई-मुलीसारखी दिसू लागली. हे सुधारायला परिच्छेद लागत नाही. ‘८ मे : उद्रेक, त्यात पोलिसांचा मृत्यू. त्यामुळे १२ मे : मार्शल लॉ. त्याच मृत्यूंच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ : चौघांना फाशी.’ एवढ्या दोन सांध्यांनी मुलाला पुढचा प्रश्न विचारता येतो : आरोप होता, पण त्यासाठी हेच चौघे का निवडले गेले? सोलापूरने त्यांना हुतात्मे मानलं ते या प्रश्नाच्या बाजूने उभं राहून. सुट्या तारखांतून तो प्रश्न उगवतच नाही.

असं असलं, तरी सांधे प्रत्येक वेळी, प्रत्येकासाठी लिहावेच लागतात असं नाही. अमेरिकेतल्या डॅनिएल मॅकनमारा आणि वॉल्टर किंच यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. विषयाची फारशी माहिती नसलेल्या मुलांना सगळे दुवे उघड करून दाखवलेला मजकूर अधिक चांगला कळला. पण ज्यांना विषय आधीच ठाऊक होता, त्यांची खोलवरची समज काही दुवे मोकळे सोडलेल्या मजकुराने वाढली, कारण ते दुवे त्यांनी स्वतः लावले. पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्याला ‘उणे ३०, दुबार सुरू’ एवढा निरोप पुरतो. मधली सगळी वाक्यं त्याच्या डोक्यात आहेत. तोच निरोप जसाच्या तसा शहरातल्या गटावर आला की गडबड होते. जाणकारांनी जाणकारांसाठी आवळलेला मजकूर अजाणत्यांपुढे ठेवला जातो, तिथे सांधे सगळ्यांत जास्त तुटतात.

कुठला सांधा राखायचा हे ओळखायला एक परीक्षा उपयोगी पडते. आवळलेल्या मजकुरात दोन वाक्यांमध्ये जिथे मोकळी जागा आहे, तिथे एकदा ‘म्हणून’ घालून वाचावं आणि एकदा ‘तरी’ घालून. फक्त ‘म्हणून’ बसत असेल, तर जागा मोकळी राहिली तरी चालेल. दोन्ही बसत असतील, किंवा एकटा ‘तरी’ बसत असेल, तर ती जागा मोकळी ठेवण्याचा हक्क लिहिणाऱ्याला नाही. ‘पाइप फुटला. रस्त्यावर पाणी आलं’ यात ‘तरी’ बसत नाही; सोडून द्यावं. मग सोलापूर जिल्ह्याबद्दल पुन्हा पुन्हा केलं जाणारं हे विधान घ्यावं : ‘जिल्ह्यात ऊस जास्त. जिल्ह्यात पाणी कमी.’

‘ऊस जास्त, तरी पाणी कमी’ असं वाचलं, तर चित्र असं उभं राहतं की शेतकऱ्याने जिद्दीने कमी पाण्यातही ऊस उभा केला. ‘ऊस जास्त, म्हणून पाणी कमी’ असं वाचलं, तर तोच शेतकरी टंचाईचा कर्ता ठरतो. वाक्यं उलटी फिरवली तर तिसरं चित्र निघतं : जिल्हा दुष्काळी, तरी ऊस, कारण उजनीचे कालवे. आणि या तिसऱ्या वाचनातून मोहोळ किंवा पंढरपूर तालुक्यातल्या कालव्याच्या टोकाचा शेतकरी विचारील : कालवा आहे, तरी माझ्या शेतात पाणी का नाही? त्याच दोन विधानांतून इतक्या बाजू निघतात. त्यामुळे इथे सांधा न लिहिणं ही निव्वळ काटकसर राहत नाही. आपली बाजू न सांगता वाचणाऱ्याला हवी ती घेऊ देणं, असंच ते होऊन बसतं.

उलटा दोषही तितकाच खरा. सारांश ठसठशीत व्हावा म्हणून मुळात नसलेला ‘त्यामुळे’ घुसडण्याची सवय अनेकांना असते. मुळात लिहिलेलं असतं की आवर्तन बंद झालं आणि त्याच आठवड्यात बाजारात चाऱ्याचे भाव वाढले. सारांशात येतं : ‘आवर्तन बंद झाल्याने चारा महागला.’ झालं असेलही तसं, पण ते मूळ लेखकाने म्हटलेलं नाही. म्हणून आवळलेला मजकूर पुरा झाला की त्यातले सांधे एकेक करून मुळाशी ताडून पाहावेत. प्रत्येक ‘कारण’साठी मुळात बोट ठेवायला जागा हवी. ती सापडली नाही, तर ‘त्याच सुमारास’ हा प्रामाणिक शब्द मराठीत आहेच.

हा हिशेब सगळ्यात निकडीचा होतो तो इतिवृत्तात. कालव्याला पाणी केव्हा आणि किती सोडायचं, याचा विचार कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. तासभर चाललेल्या वादाची तिथे दोन ओळींची नोंद होते. ‘उन्हाळी आवर्तन एकच द्यावे असे ठरले’ ही नोंद आदेश म्हणून पुरेशी आहे. ‘पिण्यासाठी साठा राखायचा असल्याने उन्हाळी आवर्तन एकच द्यावे, मात्र जूनमध्ये पाऊस झाल्यास फेरविचार करावा’ ही नोंद त्याच्या दुपटीहून थोडी लांब आहे. पहिल्या नोंदीवर पुढच्या वर्षी फक्त नाराज होता येतं. दुसरी नोंद हातात घेऊन मंगळवेढ्याचा शेतकरी विचारू शकतो की पिण्यासाठी किती राखलं होतं, त्यातलं किती उरलं, आणि जूनमध्ये पाऊस झाला तेव्हा फेरविचाराची बैठक कोणत्या तारखेला झाली.